नेमणूकपत्र नाही, तरी नोकरी सिद्ध करता येते: गोव्यातल्या हॉटेल-रेस्टॉरंट कामगारांसाठी

गोव्यातल्या हॉटेलांच्या हिशेबखात्यात मी बारा वर्षं काढली. पगारपट बनवणं, व्हाउचरवर सह्या घेणं, बिलिंग मशीनचा रात्रीचा हिशेब जुळवणं हे माझं काम होतं. त्यामुळे कोणता कागद कुठे तयार होतो आणि मालक नंतर कोणता कागद "सापडत नाही" म्हणतो, हे मला आतून माहीत आहे. माझ्या पहिल्या नोकरीत मलाही पत्र मिळालं नव्हतं. चौथ्या महिन्याचा पगार मागायला गेलो तेव्हा पात्रांव म्हणाला, "तू माझ्याकडे होतास कधी?" तेव्हा माझ्या हातात दाखवायला काहीच नव्हतं. तो पगार मला आजतागायत मिळाला नाही.

डिचोली, सत्तरी, पेडणे या भागांतून आणि सावंतवाडी, दोडामार्ग, चंदगडहून दरवर्षी कितीतरी मुलंमुली सीझनला किनारपट्टीवर कामाला येतात. "उद्यापासून ये, अठरा हजार देतो, सहा महिन्यांनी पर्मनंट करतो" एवढ्यावर नोकरी ठरते. हा लेख त्यांच्यासाठी आहे. एकच उदाहरण घेतो आणि ते शेवटपर्यंत नेतो. उदाहरण रचलेलं आहे, पण त्यातला प्रत्येक तुकडा मी कुठे ना कुठे पाहिलेला आहे.

डिचोलीचा एक मुलगा 1 ऑक्टोबरला कांदोळीच्या एका रेस्टॉरंटात स्टुअर्ड म्हणून लागला. तोंडी ठरलं ते असं: महिना 18,000, आठवड्याला एक सुट्टी, सीझन संपल्यावर 15,000 बोनस. तिथे एकूण चौदा माणसं होती. ऑक्टोबरचा पगार रोख मिळाला. पुढचे पगार मॅनेजरने स्वतःच्या मोबाइलवरून यूपीआयने पाठवले. मार्चमध्ये शिगम्याला त्याने दोन दिवस बिनपगारी सुट्टी घेतली. 31 मेच्या रात्री मॅनेजर म्हणाला, "सीझन संपला, उद्यापासून येऊ नको." मेचा पगार दिला नाही आणि बोनसचं तर कोणी नावही काढलं नाही. जूनच्या मध्यावर फोन केला तर मालक म्हणतो, हा मुलगा गर्दीच्या दिवशी अधूनमधून हात लावायला यायचा, आमचा कामगार नव्हे.

आधी हे समजून घ्या: सिद्ध नक्की काय करायचं?

बहुतेकजण इथेच चुकतात. ते वचनाच्या मागे लागतात. "त्यांनी मला पंधरा हजार बोनस कबूल केला होता" हे ते दहा वेळा सांगतात आणि मालक दहा वेळा नाही म्हणतो. शब्दाविरुद्ध शब्द, तिथेच घोडं अडतं.

वचन बाजूला ठेवा. तुम्हाला आधी एवढंच दाखवायचं आहे की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, अमुक माणसाच्या धंद्यात, त्याच्या हुकमाखाली तुम्ही काम केलं आणि त्याने त्याचे पैसे दिले. एवढं उभं राहिलं की बाकीचं बरंचसं कायदा भरून काढतो. पगार महिन्याच्या सात तारखेच्या आत, कामावरून काढल्यास दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब, जादा तासांना दुप्पट दर, किमान वेतन: यातल्या कशासाठीही मालकाचं वचन लागत नाही.

कायद्यात कामगाराची जी व्याख्या आहे, तिच्यातच म्हटलेलं आहे की नोकरीच्या अटी उघड सांगितलेल्या असोत की वागण्यातून समजणाऱ्या असोत, तो कामगारच. पत्र हा नोकरीचा एक पुरावा आहे, पत्र म्हणजे नोकरी नव्हे. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांच्यानुसार दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी नेमणूकपत्र देणं ही मालकाची जबाबदारी आहे, आणि जुन्या माणसांना पत्र दिलेलं नसेल तर त्यासाठी तीन महिन्यांची मुदत होती. म्हणजे आपल्या मुलाच्या बाबतीत पत्र न देणं ही चूक मालकाची आहे. कामगार खात्यात पुढे जो अर्ज करायचा आहे, त्यात हे एका ओळीत जरूर लिहा, पण त्यावरच सगळा अर्ज उभा करू नका.

वेतन संहितेतली आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पगार दिला नाही किंवा कमी दिला असा दावा आला की, पैसे दिले हे सिद्ध करायचा भार मालकावर असतो. पण तो भार त्याच्यावर जायच्या आधी "हा माझा कामगार" हे उभं राहिलं पाहिजे. तेवढा एक उंबरठा आपला आपण ओलांडायचा.

पहिली पायरी: मालक कोण ते शोधा

हे ऐकायला विचित्र वाटेल, पण अर्धे अर्ज इथे लंगडे पडतात. पाटीवर जे नाव असतं ते बहुतेकदा फक्त धंद्याचं नाव. गोव्यात तर जागा एकाची, दारूचा परवाना दुसऱ्याच्या नावावर आणि प्रत्यक्ष चालवणारा तिसराच, असं सर्रास असतं. तुम्ही पाटीवरच्या नावाने अर्ज केला की पहिल्याच तारखेला वकील उभा राहून म्हणतो, "या नावाची कोणतीही कंपनी नाही."

उपाय गिऱ्हाइकाच्या बिलावरच छापलेला असतो. बिलाच्या वरती किंवा खाली पंधरा अक्षरांचा जीएसटी नंबर असतो. तो `services.gst.gov.in` या साइटवर करदात्याच्या शोधात टाकला की धंद्याचं नाव आणि कायदेशीर मालकाचं नाव, दोन्ही दिसतात. त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. बिलावर खाद्य परवान्याचा चौदा आकडी नंबरही असतो, तोही लिहून घ्या. अर्जात कायदेशीर मालक, चालवणारा आणि परवानाधारक अशा सगळ्यांची नावं घाला. शॅकमध्ये काम करत असाल तर शॅक ज्याला मिळालेला आहे त्याचं नाव सोडू नका. शॅक दुसऱ्याला चालवायला देण्यावर बंदी आहे, त्यामुळे "मी नुसता परवाना घेतला होता" असं म्हणणं त्यालाच अडचणीचं जातं.

दुसरी पायरी: रोजच्या कामातले कागद

लोकांना वाटतं पुरावा म्हणजे आयकार्ड. आयकार्ड असेल तर उत्तमच. पण रेस्टॉरंटात कामगाराचं नाव दिवसातून पन्नास वेळा छापलं जातं आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

ऑर्डर घेतली की स्वयंपाकघरात जी छोटी चिठ्ठी निघते, ज्याला आपण केओटी म्हणतो, ती एकदा नीट बघा. वरती टेबल नंबर, मग तारीख, वेळ आणि त्याखाली स्टुअर्डचं नाव किंवा नंबर. बिलावरही तेच. आपल्या मुलाचा नंबर 07 होता. त्याच्या फोनमध्ये मित्रांना दाखवायला म्हणून काढलेले चार-पाच फोटो होते: भरलेलं टेबल, बाजूला बिलाचं पाकीट आणि बिलावर "स्टुअर्ड 07", वेळ रात्रीची 11.42. एका फोटोवरून तो कामावर होता हे कळतं, आणि तो रात्री पावणेबाराला कामावर होता हेही कळतं. सकाळी अकराची पहिली केओटी आणि रात्री पावणेबाराचं शेवटचं बिल, अशा जोड्या चार-पाच दिवसांच्या मिळाल्या तर जादा तासांचा दावा उभा राहतो.

त्याहून मोठी गोष्ट अशी. बिलिंग मशीनमधून स्टुअर्डवार विक्रीचा अहवाल काढता येतो. मी तो दर महिन्याला काढत असे. कोणत्या नंबरने कोणत्या दिवशी किती बिलं केली, सगळं त्यात येतं. मालक कच्चा मस्टर फाडून टाकू शकतो, पण जीएसटीचा हिशेब ज्या बिलांवर उभा आहे ती बिलं तो सहजी पुसू शकत नाही. तो अहवाल तुमच्या हाती नसेल, पण तो अस्तित्वात आहे हे तुम्हाला ठाऊक असलं की अधिकाऱ्यासमोर तो नावाने मागता येतो. त्याकडे पुढे येतोच.

स्वयंपाकघरात किंवा हाउसकीपिंगला असाल तर केओटीवर तुमचं नाव येणार नाही. तिथे स्टोअरमधून माल काढायची इंडेंटची चिठ्ठी, मासळीवाल्याच्या चलनावरची तुमची सही, खोल्या वाटून दिल्याचा रोजचा कागद, लाँड्रीची वही हे बघा. अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करावी लागते. तुमची केली असेल तर त्या दाखल्याची प्रत तुमच्याकडे ठेवा. मालकाने घेतलेल्या खोलीत राहत असाल तर भाडेकरू पडताळणीचा जो फॉर्म पोलिसांकडे गेला असेल, त्याचीही प्रत मागून घ्या.

इथे एक बजावून सांगतो. आपल्या नावाच्या कागदाचा फोटो काढणं वेगळं आणि मालकाची वही उचलून आणणं वेगळं. वही आणली की तुमच्यावर चोरीची तक्रार येते आणि मूळ भांडण बाजूला पडतं. गिऱ्हाइकाचं नाव, फोन नंबर दिसत असेल तर ते झाकून घ्या.

तिसरी पायरी: पैशाचा माग

मॅनेजरच्या खाजगी नंबरवरून पैसे आले म्हणून पुष्कळजण हताश होतात. मालक म्हणतो, "ती त्यांची आपसातली उसनवारी." पण उसनवारी दर महिन्याच्या पाच-सहा तारखेला तेवढ्याच रकमेची होत नसते. बँकेत जाऊन शिक्का मारलेलं खात्याचं विवरण घ्या आणि त्या नोंदींवर पेन्सिलने खूण करा.

आपल्या मुलाच्या खात्यात डिसेंबरपासून दर महिन्याला 18,000 आले आणि एप्रिलमध्ये, म्हणजे मार्चच्या पगाराला, 16,800. हा 1,200 रुपयांचा खड्डा त्याला स्वतःला नुकसानीचा वाटत होता. प्रत्यक्षात त्याच्या हातातला सर्वांत बोलका पुरावा तोच होता. दोन दिवसांचे 1,200, म्हणजे दिवसाला 600, म्हणजे 18,000 भागिले 30. याचा अर्थ तीन गोष्टी. एक, कोणीतरी त्याची हजेरी ठेवत होतं, नाहीतर नेमके दोनच दिवस कसे कापले? अधूनमधून येणाऱ्या माणसाची रजा कोणी कापत नाही. दोन, पगार मासिक होता. तीन, भागाकार तीसने केला म्हणजे आठवड्याच्या सुट्ट्याही पगारातच धरलेल्या होत्या. या तिसऱ्या गोष्टीचं मोल पुढच्या पायरीत कळेल.

मॅनेजरला धंद्याशी जोडणंही सोपं असतं. ड्युटी लावणारा व्हॉट्सअॅप ग्रुप त्याच नंबरचा, टेबल बुकिंगसाठी पाटीवर किंवा इंटरनेटवर दिलेला नंबरही बहुधा तोच. दोन्ही स्क्रीनशॉट शेजारी ठेवा.

पीएफ किंवा ईएसआय कापत असतील तर निम्मी लढाई तिथेच संपली, कारण पासबुकावर आस्थापनेचं नावच येतं. पीएफ साधारणपणे वीस माणसांपासून लागू होतो, ईएसआय दहापासून आणि 21,000 पर्यंतच्या पगाराला. आपल्या रेस्टॉरंटात चौदा माणसं होती, म्हणजे ईएसआय लागू होती, पण भरलेली नव्हती. ती तक्रार ईएसआय महामंडळाकडे वेगळी करता येते.

चौथी पायरी: दिवस मोजा

कामावरून काढल्याची भरपाई मागायची तर आधीच्या बारा महिन्यांत 240 दिवस काम झालेलं असावं लागतं. हे बारा महिने कॅलेंडरचं वर्ष नव्हे, तर काढल्याच्या दिवसापासून मागे मोजायचे. पगारी साप्ताहिक सुट्ट्या आणि पगारी सणसुट्ट्या यांत धरल्या जातात. हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या कामगारांच्या खटल्यात स्पष्ट केलेलं आहे.

आता मोजा. 1 ऑक्टोबर ते 31 मे: 31, 30, 31, 31, 28, 31, 30, 31. बेरीज 243. शिगम्याचे बिनपगारी दोन दिवस वजा केले की 241. बसलं! पण फक्त एका दिवसाने. म्हणून मालक काय करील? तो म्हणेल, मुलगा 5 ऑक्टोबरला आला. मग आकडा होतो 237 आणि भरपाई गेली. ऑक्टोबरचा पगार रोख दिलेला असल्यामुळे बँकेतून तारीख कळत नाही.

इथे उपयोगी पडला 30 सप्टेंबरच्या रात्रीचा मॅनेजरचा व्हॉट्सअॅप मेसेज: "उद्या 10 ला ये, काळी पँट, काळे शूज." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 9.50 ला मुलाने टाकलेला मेसेज, "सर मागच्या गेटला उभा आहे." त्याखाली मॅनेजरचा अंगठा. एवढ्यावर पहिली तारीख टिकते. म्हणून नोकरीच्या पहिल्या आठवड्यातले मेसेज कधीही पुसू नका. जे आज-उद्या कामावर लागणार असतील त्यांनी पहिल्या दिवशी ड्युटी संपल्यावर मॅनेजरला एवढाच मेसेज टाकावा: "सर, आज 1 तारखेला पहिला दिवस झाला. उद्या किती वाजता येऊ?" त्यात भांडण नाही, मागणी नाही, आणि उत्तर हमखास येतं.

"सीझन संपला म्हणून काम संपलं" हा मालकाचा दुसरा बचाव. तो ऐकून मुलं गप्प बसतात. पण ठराविक मुदतीची नोकरी म्हणजे काय, हे नव्या औद्योगिक संबंध संहितेत दिलेलं आहे: लेखी कराराने ठराविक काळासाठी दिलेली नोकरी. लेखी करारच नाही तर मुदत संपली असं मालकाला कोणत्या तोंडाने म्हणता येईल? जो कागद न दिल्यामुळे तुम्ही अडलात, त्याच कागदावाचून तोही अडतो. अर्जात हा मुद्दा ठळक घाला.

पाचवी पायरी: मालकाकडून लेखी उत्तर काढा

भांडण पेटायच्या आधी, संबंध बरे असतानाच हे करायचं. मेसेजमध्ये मागणी कमी आणि तपशील जास्त असावा, म्हणजे समोरचा साधं उत्तर देईल आणि त्या उत्तरात तपशील मान्य झालेला असेल. आपल्या मुलाने 9 जूनला मॅनेजरला पाठवला तो असा:

"सर, नमस्कार. एप्रिलचा पगार 18,000 सहा मेला मिळाला. मेचा 18,000 अजून आला नाही. 31 मेपर्यंत ड्युटी केली होती. कधी येईल ते कळवा."

उत्तर आलं: "मालक मुंबईला आहे, पुढच्या आठवड्यात बघतो." यात "तू कोण" असं नाही, "18,000 कसले" असं नाही, "मेमध्ये तू नव्हतास" असंही नाही. फोनवर दहा मिनिटं वाद घालण्यापेक्षा ही एक ओळ भारी आहे. शिवी, धमकी, "कोर्टात खेचतो" यातलं काहीही लिहू नका. ते लिहिलं की पुढचं उत्तर वकील देतो.

तो फोन विकू नका, फॉर्मॅट करू नका. दुसऱ्याला फॉरवर्ड केलेला मेसेज पुरावा म्हणून दुबळा असतो. मूळ चॅट मूळ फोनवर राहू द्या आणि एक्स्पोर्ट करून स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकील तयार करतो, पण त्यासाठी त्याला तुमचा मूळ फोन लागतो. आपल्या स्वतःच्या संभाषणाचं रेकॉर्डिंगही पुढे ठेवता येतं. मात्र आवाज कोणाचा हे ओळखता आलं पाहिजे आणि ते मधेच कापलेलं नसावं.

उत्तर येऊन पंधरवडा गेला तरी पैसे नाहीत, मग पत्र. साध्या मराठीत, एका पानाचं: कधी लागलो, काय काम, किती पगार, कोण देत असे, कधी आणि कोणी काढलं, काय येणे आहे. जीएसटीवर जो पत्ता सापडला त्यावर आणि रेस्टॉरंटच्या पत्त्यावर, दोन्हीकडे स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. पाकीट "घेतलं नाही" म्हणून परत आलं तर उघडू नका, तसंच ठेवा.

सहावी पायरी: कामगार खात्यात दोन वेगळे अर्ज

गोव्याच्या कामगार आयुक्तांचं मुख्य कार्यालय पणजीत पाटोला श्रमशक्ती भवनात आहे. म्हापसा, फोंडा, मडगाव, वास्को इथेही खात्याची कार्यालयं आहेत. ज्या भागात काम केलं त्या भागाचं कार्यालय धरा.

अर्ज दोन करायचे आणि ते एकमेकांत मिसळायचे नाहीत. पहिला थकलेल्या पगाराचा आणि जादा तासांचा, वेतन संहितेखालचा. त्याला तीन वर्षांची मुदत आहे, आणि अधिकारी मूळ रकमेवर दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतो. दुसरा कामावरून काढल्याचा, समेट अधिकाऱ्याकडे. तिथे दोन वर्षं उलटली की अधिकारी प्रकरण हाती घेऊ शकत नाही. समेट झाला नाही तर अधिकाऱ्याचा अहवाल मिळाल्यापासून 90 दिवसांत औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जायचं. या मुदती कागदावर ऐसपैस दिसतात, पण तुम्ही महिन्याभरात जा. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं आणि पावसाळ्यात बरोबरची मुलं गावी पांगतात.

दोन अर्ज का, याचं कारण असं. पगाराच्या अर्जात पद कोणतंही असो, मॅनेजरही मागू शकतो. काढल्याच्या अर्जात मात्र मॅनेजर बसत नाही, आणि 18,000 पेक्षा जास्त पगार घेणारा पर्यवेक्षकही बसत नाही. म्हणून मालक कधीकधी म्हणतो, "तो कॅप्टन होता." पदाचं नाव काय होतं याला महत्त्व नाही. तुम्ही दिवसभर ताटं उचलत होतात की माणसांच्या रजा मंजूर करत होतात, हे बघितलं जातं. ड्युटीचा ग्रुप इथेही कामी येतो.

आपल्या मुलाची मागणी अशी बसली: मेचा पगार 18,000, आधी नोटीस न दिल्याबद्दल एक महिन्याचे 18,000 आणि 240 दिवस भरल्यामुळे एक वर्ष धरून पंधरा दिवसांचे 9,000. एकूण 45,000, शिवाय जादा तास. त्या एका दिवसाच्या हिशेबावर 27,000 रुपये उभे आहेत हे बघा. 15,000 बोनसचं काय? कायद्याचा बोनस साधारणपणे वीस माणसांच्या आस्थापनेला लागू होतो, इथे चौदाच होती, आणि तोंडी बोनसचा मेसेज कुठेच नव्हता. तो त्याने अर्जात मागितला, पण मी त्याला सांगितलं असतं की त्यावर अडून बसू नको.

सातवी पायरी: कागद मागा, साक्षीला उभे राहा

240 दिवस काम केलं हे दाखवायची पहिली जबाबदारी कामगाराची, आणि नुसतं शपथपत्र पुरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये हदिमणी खटल्यात म्हटलं. पुढे येल्लट्टी खटल्यात वाट दाखवली: कामगाराने साक्षीला उभं राहावं, जवळ जे असेल ते दाखवावं आणि मालकाकडचे कागद मागावेत. मागितलेले कागद मालकाने आणले नाहीत तर न्यायालय त्यातून त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकतं. पण आपण मागितलेच नाहीत तर ते अनुमान निघत नाही. पुष्कळ खटले इथेच हरले जातात.

म्हणून लेखी मागा आणि प्रत्येक कागदाचं नाव घेऊन मागा. "सगळी कागदपत्रं हजर करावीत" असं मोघम लिहू नका. ऑक्टोबर ते मे हजेरीपट, पगारपट, रोख पगाराची व्हाउचरं, बोटाच्या हजेरी मशीनची नोंद आणि बिलिंग यंत्रणेतला स्टुअर्ड नंबर 07 चा दिवसवार विक्री अहवाल. हा शेवटचा कागद वाचला की मालकाच्या वकिलाच्या लक्षात येतं, समोरच्याला आतलं ठाऊक आहे. पुष्कळदा तडजोडीची भाषा तिथून सुरू होते.

साक्षीदार म्हणून अजून तिथेच काम करणाऱ्या मित्राला गळ घालू नका. त्याचीही भाकरी तिथे आहे, आणि दबावाखाली तो उलटला तर तुमचंच नुकसान. नोकरी सोडून गेलेला माणूस, रोज मासळी घालणारा, खोलीचा घरमालक हे बरे. त्यांनी फक्त डोळ्यांनी पाहिलेलं सांगावं.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. औद्योगिक कामगार आणि सर्व स्त्रिया यांना कायद्याने मोफत वकील मिळतो. फोन 15100.

तडजोडीच्या टेबलावर

मॅनेजर एक दिवस बोलावतो, पाकिटात 10,000 ठेवतो आणि एक छापील कागद पुढे करतो. "सही कर, घे." त्यावर लिहिलेलं असतं की माझा सर्व हिशेब पूर्ण झाला, आता काही येणे नाही. असे कागद मी स्वतः टाइप केलेले आहेत. रकमेची जागा मुद्दाम कोरी ठेवायला सांगत. त्यावर सही झाली की वर सांगितलेलं सगळं अतिशय अवघड होऊन बसतं.

पैशांची निकड असेल तर पैसे जरूर घ्या, पण सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा: "मे महिन्याच्या पगारापोटी 10,000 मिळाले, बाकी 8,000 व इतर रक्कम येणे आहे," खाली तारीख, आणि लगेच त्या कागदाचा फोटो. तसं लिहू देत नसतील तर कागद तिथेच ठेवून उठा आणि बाहेर आल्याबरोबर मॅनेजरला मेसेज टाका: "सर, आज तुम्ही 10,000 देत होता, पूर्ण हिशेबाच्या कागदावर सही मागितली म्हणून घेतले नाहीत. मेचे 18,000 खात्यावर पाठवा." खरी तडजोड करायचीच असेल तर ती समेट अधिकाऱ्यासमोर करा, त्यांच्या सही-शिक्क्याच्या कागदावर, आणि रक्कम खात्यात जमा झाल्याचा मेसेज आल्याशिवाय अर्ज मागे घेऊ नका.